अध्यक्ष महोदय, त्या घरात एक मुलगीही आहे

चिठ्ठी उघडली की पहिल्यांदा चेहरा पडतो. अभिरूप संसदेत आपल्याला दणदणीत भूमिका मिळावी, विरोधी बाकावरून कागद फाडून भिरकावता यावेत, असं प्रत्येकाच्या मनात असतं. आणि हातात येतं काय, तर ‘संविधान सभा, फेब्रुवारी १९४९. मुंबई प्रांताचे सदस्य. हिंदू कोड बिलाचं समर्थन. वेळ पाच मिनिटं.’

समजा, हे तुमच्याच बाबतीत घडलंय आणि कॉलेज अंबडचं आहे. (नाशिकचं अंबड, जालन्याचं नव्हे. हा खुलासा आपल्याला जन्मभर करावा लागणार.) बाहेर एमआयडीसीच्या शिफ्ट सुटतायत, सिडकोकडे जाणाऱ्या रिक्षा भरतायत आणि तुम्ही वर्गात बसून पंच्याहत्तर वर्षांहून जुन्या विधेयकाचा बचाव लिहिताय. आता पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: ‘यात काय अवघड आहे? मुलींना हक्क द्या म्हणायचं. कोण विरोध करणार?’

तिथेच भाषण पडतं. कारण आज सोपी वाटणारी ही गोष्ट त्या सभागृहात भयंकर वादग्रस्त होती आणि विरोध करणारे सगळे काही खलनायक नव्हते. शिकलेले, कायदा कोळून प्यायलेले लोक होते. त्यांचे मुद्दे तुम्हाला ठाऊक नसतील तर तुमचं भाषण म्हणजे २०२० नंतरच्या माणसाने १९४९ मधल्या माणसांना दिलेलं लेक्चर होतं. टाळ्या पडतात, पण परीक्षकांच्या वहीत गुण पडत नाहीत.

तर सुरुवात तारखेपासून करू. तुमची तारीख २४ फेब्रुवारी १९४९ धरा. त्या दिवशी या विधेयकावर खरोखरच चर्चा झाली होती. आता एक काम करा. भाषणाचा कच्चा मसुदा लिहा आणि त्यातलं प्रत्येक नाव, प्रत्येक कायदा, प्रत्येक संस्था यांच्या शेजारी समासात वर्ष लिहा. ‘कलम १४ नुसार सर्वांना समानता आहे’ असं लिहिलंय? संविधान स्वीकारलं गेलं २६ नोव्हेंबर १९४९ ला. नऊ महिने आधी तुम्ही ते उद्धृत करताय. ‘सर्वोच्च न्यायालय’? ते जानेवारी १९५० मध्ये सुरू झालं, तुमच्या काळात फेडरल कोर्ट आहे. ‘२००५ च्या दुरुस्तीने मुलींना समान हक्क मिळालाच आहे’ हे तर विचारूच नका. २४ फेब्रुवारी १९४९ नंतरचं जे जे असेल त्यावर काट मारायची. बऱ्याच जणांचा अर्धा मसुदा इथेच गळतो. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, तो अर्धा मसुदा आयताच मिळालेला होता.

दुसरी चूक अध्यक्षांच्या खुर्चीत बसलेली असते. संविधान सभा म्हटलं की आपण ‘माननीय राजेंद्रबाबू’ म्हणून सुरू करतो. पण ही सभा दोन कामं करायची. संविधान लिहायला बसली की अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद. आणि देशाचे रोजचे कायदे करायला कायदेमंडळ म्हणून बसली की सभापती गणेश वासुदेव मावळणकर. माणसं तीच, पण टोपी वेगळी. हिंदू कोड बिल हा कायदा होता, संविधानाचा भाग नव्हता. म्हणून खुर्चीत मावळणकर. हे एवढं बरोबर केलंत की समोरच्या बाकांना कळतं, हा गडी किंवा ही पोरगी तयारीने आलीय.

आणि एक विनंती. बाबासाहेब होऊ नका. कायदामंत्री म्हणून हे विधेयक त्यांनी मांडलं, त्यामुळे निळा कोट आणि गोल चष्मा घालायचा मोह होतो. पण मग सगळं सभागृह तुमचं म्हणणं ऐकायचं सोडून तुमची नक्कल किती जमली ते बघतं. शिवाय जे शब्द त्यांनी उच्चारले नाहीत ते त्यांच्या तोंडी जातात. चिठ्ठीत ‘मुंबई प्रांताचे सदस्य’ एवढंच लिहिलंय, हे तुमच्या फायद्याचं आहे. मागच्या बाकावरचा, नाव नसलेला सदस्य. त्याला स्वतःचं गाव असू शकतं, स्वतःचं उदाहरण असू शकतं.

आता विधेयक. त्यात लग्न होतं, घटस्फोट होता, दत्तक होतं, पालकत्व, पोटगी आणि वारसा होता. हे सगळं पाच मिनिटांत घेतलंत तर ते भाषण राहत नाही, अनुक्रमणिका होते. एक निवडा. मी वारसा निवडेन, कारण तिथे आकडे मांडता येतात आणि आकड्यांवर ओरडणं अवघड असतं.

त्या वेळी कायदा काय होता, ते एका घरावरून पाहू. नाशिकच्या भांडी बाजारात एक तांबट आहे असं समजा. स्वतः कमावलेलं दुकान, वर राहतं घर, मिळून किंमत ८,४०० रुपये. मृत्युपत्र न करता तो वारला. मागे बायको, दोन मुलगे, एक मुलगी. (स्वकष्टार्जित मालमत्ता मुद्दामच घेतलीय. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची घेतली की जन्मतः हक्क, हयात राहिलेल्यांकडे जाणारा वाटा, हे सगळं समजावण्यातच घंटा वाजते.) १९३७ चा एक कायदा होता, डॉ. गोपाळराव देशमुखांनी पुढाकार घेऊन आणलेला, म्हणून लोक त्याला देशमुख कायदाच म्हणायचे. त्याने विधवेला मुलाइतका वाटा दिला. म्हणजे आई २,८००, थोरला २,८००, धाकटा २,८००. मुलगी शून्य.

आणि आईचे २,८०० तरी तिचे होते का? वापरायला होते. कायदेशीर गरज दाखवल्याशिवाय तिला ते विकता येत नव्हते, आणि ती गेल्यावर तिच्या इच्छेप्रमाणे कुणाला जात नव्हते, परत नवऱ्याच्या वारसांकडे जायचे. मर्यादित मालकी. घर तिचं, पण भाडेकरूसारखं.

मूळ विधेयकाने मुलीला मुलाच्या निम्मा वाटा दिला. म्हणजे आई, थोरला आणि धाकटा प्रत्येकी २,४००, मुलगी १,२००. पुढे विधेयक प्रवर समितीकडे गेलं आणि समितीने मुलीचा वाटा मुलाइतकाच केला. चौघांना २,१०० प्रत्येकी. शिवाय स्त्रीला मिळालेली मालमत्ता पूर्ण तिच्या मालकीची. म्हणजे एका भावाला जुन्या कायद्याच्या तुलनेत सोडायचे होते ७०० रुपये. एवढ्यासाठी सभागृहात धर्म बुडत होता. हे वाक्य भाषणात नका टाकू, टोमणा आहे. पण ७०० चा आकडा जरूर ठेवा.

आता समोरच्या बाकावर जाऊन बसा. खरंच बसा, तालमीत मित्राला तुमची जागा द्या आणि तुम्ही विरोध करा. तीन मुद्दे निघतील.

पहिला, धर्माचा. स्मृतींनी घालून दिलेलं आपण कोण बदलणार? याला उत्तर तुलनेने सोपं आहे, कारण स्मृतींत एकवाक्यता नाही. मनू आणि याज्ञवल्क्य दोघेही भावांनी आपल्या वाट्यातला चौथा हिस्सा अविवाहित बहिणीला द्यावा असं सांगतात. पण सावध. विरोधक तयार असेल तर म्हणेल, तो हिस्सा लग्नाच्या खर्चापुरता आणि कुमारिकेसाठी आहे, असाच अर्थ अनेक पंडितांनी लावलाय. तेव्हा हा दाखला ‘शास्त्रात बहिणीचा विचारच नाही’ हे खोडून काढायला चालतो, ‘शास्त्रात समान वाटा आहे’ हे सिद्ध करायला चालत नाही. आंबेडकरही सभागृहात स्मृतींचे दाखले देत, पण कोणता दाखला किती वजन पेलेल हे त्यांना पक्कं माहीत होतं.

अंबडच्या मुलांना इथे हमखास एक कल्पना सुचते, आणि कल्पना छान आहे. पाथर्डी फाट्यावरून दिसणारी पांडवलेणी. दहाव्या लेण्यात कोरलंय की नहपानाची मुलगी आणि उषवदाताची बायको दखमित्रा हिने तिथली एक खोली दान दिली. तिसरं लेणं गौतमी बलश्रीने, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईने दिलेलं. दान द्यायचं म्हणजे आधी हातात काहीतरी पाहिजे, नाही का? लेख १९४९ च्या कितीतरी आधी वाचले आणि छापले गेले होते, त्यामुळे तारखेची अडचण नाही. पण समोरचा उठून म्हणेल, ‘अध्यक्ष महोदय, पहिली बाई शक क्षत्रपाची मुलगी, दुसरी राजमाता, आणि दान बौद्ध भिक्षूंना. यात हिंदू वारसा कुठे आला?’ यातल्या ‘बौद्ध’ला उत्तर आहे: हे विधेयक बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू व्हायचं होतं. पण उरलेल्याला नाही. राणीने दान दिलं यावरून तांबटाच्या मुलीला वारसा होता हे निघत नाही. म्हणून लेणी एका वाक्यापुरती, चवीला. त्यावर इमारत उभी करू नका.

दुसरा मुद्दा घर फुटण्याचा. मुलगी सासरी जाते, तिच्या वाट्याबरोबर जावई दुकानात शिरतो, भाऊ-बहीण कोर्टात उभे राहतात, जमिनीचे तुकडे पडतात. हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. यात तथ्य आहे. जमिनीच्या तुकड्यांपुरती तुम्हाला एक सुटका आहे: १९३५ च्या कायद्याप्रमाणे शेतजमिनीचा वारसा प्रांतांच्या अखत्यारीत होता, आणि देशमुख कायद्याच्या बाबतीत फेडरल कोर्टाने १९४१ मध्ये हे स्पष्ट केलं होतं. म्हणजे केंद्राच्या या विधेयकाने शेताचे तुकडे पडतात हा आक्षेप नेम चुकलेला आहे. पण हे सांगताना छाती फुगवू नका. कारण लगेच कुणीतरी विचारेल, ‘म्हणजे शेतकऱ्याच्या मुलीला तुम्ही काहीच देत नाही?’ आणि तो प्रश्न रास्त आहे.

तिसरा मुद्दा सगळ्यात कठीण, आणि गंमत म्हणजे कॉलेजातल्या विरोधकांना तो बहुधा सुचत नाही. तुम्हाला अधिकार काय? ही सभा लोकांनी थेट निवडलेली नाही. १९४६ मध्ये प्रांतांच्या विधिमंडळांनी ती निवडली, आणि ती विधिमंडळं ज्या मतदारांनी निवडली ते मतदार मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींनी गाळलेले होते. संविधान लिहायला बसवलेत, ठीक. पण कोट्यवधी घरांचे आतले व्यवहार बदलायला कुणी सांगितलं? निवडणुका होईपर्यंत थांबा. खऱ्या सभागृहातही हा आक्षेप होता. समोरून तो आला नाही तर तुम्ही स्वतः काढा. विरोधकाचा सगळ्यात भारी मुद्दा आपणच मांडून त्याला उत्तर देणारा वक्ता सभागृहाला विश्वासू वाटतो.

आता भाषण. मराठीत सावकाश बोललं तर मिनिटाला शंभरच्या आसपास शब्द होतात. पाच मिनिटांत दोन वेळा अडवणूक होणार हे धरून साडेतीनशे ते चारशे शब्दच लिहा. मी माझ्या पद्धतीने एक लिहून दाखवतो. हे खऱ्या सभागृहात झालेलं भाषण नाही, काल्पनिक सदस्याचं आहे.

‘अध्यक्ष महोदय, मी या सभागृहाला नाशिकच्या भांडी बाजारात घेऊन जाणार आहे. तिथे एका तांबटाचं दुकान आहे. त्याने तीस वर्षं तांबं ठोकून ८,४०० रुपयांचं घर-दुकान उभं केलं. तो गेला. मागे विधवा, दोन मुलगे आणि एक मुलगी. आज लागू असलेल्या कायद्याने मुलांना २,८०० प्रत्येकी मिळतात. विधवेलाही २,८०० मिळतात, पण हयातीपुरते. मुलीला काय मिळतं, हे मी सांगत नाही. सदस्यांनी आपापल्या घरी विचारावं.

प्रवर समितीच्या सूचनेप्रमाणे या घरात चौघांना २,१०० मिळतील. प्रत्येक भाऊ ७०० रुपये सोडेल. यात भावाचं नुकसान नाही असं मी म्हणणार नाही. आहे. माझा प्रश्न एवढाच आहे की ते ७०० रुपये त्याचे का होते?

माझे सन्माननीय मित्र म्हणतात, घर फुटेल. महोदय, दोन भावांनी दुकानाच्या मध्ये भिंत घातलेली मी पाहिली आहे. तेव्हा कुणी असं म्हटलं नाही की धाकट्याला वाटाच देऊ नये, म्हणजे भांडण होणार नाही. भांडणाची भीती फक्त बहिणीच्या वाट्यावेळीच का वाटते?

ते म्हणतात, कायद्याने घरात हात घातला की समाज कोसळतो. मी मुंबई प्रांतातून येतो. आमच्या प्रांताने १९४६ मध्ये हिंदू पुरुषाला दुसरी बायको करायला बंदी केली. १९४७ मध्ये घटस्फोटाला परवानगी दिली. बडोद्याने तर ती १९३१ मध्येच दिली होती, सयाजीराव महाराजांच्या राज्यात, आणि महाराजांचा जन्म माझ्याच जिल्ह्यातल्या कवळाण्याचा. घरं उभी आहेत, महोदय. चुली पेटताहेत.

आणि आता तो आक्षेप, ज्याने मलाही रात्री झोप लागली नाही. आपल्याला अधिकार काय? आपण सगळ्या जनतेने निवडलेले नाही. हे खरं आहे. आपल्याला पाठवणाऱ्यांना मत मिळालं ते मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींवर. या देशातल्या बहुतेक स्त्रियांकडे यांतलं काहीच नव्हतं. म्हणजे त्या मुलीकडे मालमत्ता नाही म्हणून तिला मत नाही. आणि आज तिला मालमत्ता देऊ नका, का, तर तिने मत दिलेलं नाही. महोदय, हे वर्तुळ आपण आखलं नसेल. पण आज ते पुसायचा खडू आपल्या हातात आहे. याच सभेने गेल्या नोव्हेंबरात अस्पृश्यता नष्ट करणारं कलम मान्य केलं. तेव्हा आपण निवडणुकीची वाट पाहिली नाही.

एक कबुली देऊन मी बसतो. शेतजमिनीचा वारसा आज या सभागृहाच्या हाती नाही. शेतकऱ्याच्या मुलीपर्यंत हे विधेयक पोचत नाही. हा दोष मी झाकणार नाही. पण भांडी बाजारातल्या मुलीला आज देता येतंय ते, शेतातल्या मुलीला देता येत नाही म्हणून रोखून धरू नये, एवढीच विनंती.’

एवढंच. यात ‘नारीशक्ती’ नाही, ‘क्रांती’ नाही, मेज बडवणं नाही. शेवटी कबुली का दिली, असं विचारतील. कारण तो दोष विरोधक काढणारच होता. तुम्ही आधी काढलात की त्याच्या हातात शिळी भाकरी उरते.

अडवणुकीचं बघा. भाषणाच्या मध्ये कुणी हरकतीचा मुद्दा घेऊन उभं राहिलं तर तुम्ही खाली बसायचं, अध्यक्षांनी निर्णय दिला की पुन्हा उठायचं. बरेच जण उभेच राहतात आणि आवाज चढवतात. दोघं एकाच वेळी बोलतात आणि अध्यक्ष हातोडी शोधत राहतात. बसण्यात कमीपणा नाही, उलट पुढचं वाक्य आठवायला पंधरा सेकंद मिळतात. उत्तर नेहमी अध्यक्षांकडे बघून. ‘तुम्ही’ म्हणून समोरच्याकडे बोट केलंत की संसद संपून कट्टा सुरू होतो.

आणि विरोधकाने खरोखर अभ्यास केला असेल तर तो एक बाण सोडेल, त्याची तयारी ठेवा. या विधेयकाचा पाया ज्या समितीने घातला ती बी. एन. राव यांची समिती, तिच्यात चार सदस्य. त्यात आपले पुण्याच्या लॉ कॉलेजचे जगन्नाथ रघुनाथ घारपुरेही होते. पण चौघांपैकी द्वारकानाथ मित्तर यांनी भिन्न मतपत्रिका जोडली. ‘तुमच्याच समितीत एकमत नव्हतं, आणि तेही न्यायाधीश राहिलेल्या माणसाचं!’ यावर गडबडून जाऊ नका आणि मित्तरांना प्रतिगामीही म्हणू नका. तिघांनी पाठिंबा दिला, एकाने कारणं लिहून विरोध केला. कारणं वाचून सभागृहाने ठरवावं, एवढं म्हणायचं आणि पुढे जायचं.

खऱ्या इतिहासात पुढे काय झालं, ते तुमच्या सदस्याला ठाऊक नाही, पण तुम्हाला असायला हवं. चर्चा वर्षभर रेंगाळली. १९५१ मध्ये कलमवार मंजुरी सुरू झाली तेव्हा चार कलमांपलीकडे गाडी गेली नाही. त्या सप्टेंबरात आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, आणि राजीनाम्याच्या कारणांत हे विधेयक सोडून दिलं जाणं हे मोठं कारण होतं. पुढे निवडून आलेल्या संसदेने त्याचेच तुकडे करून १९५५-५६ मध्ये चार वेगळे कायदे केले. म्हणजे ‘निवडणूक होऊ द्या’ म्हणणाऱ्यांचं एका अर्थी खरं झालं: निवडणूक झाली आणि कायदे आले. तांबटाच्या मुलीला आई आणि भावांइतका वाटा मिळाला, १९५६ मध्ये. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलगी जन्मतः हिस्सेदार व्हायला मात्र महाराष्ट्रात १९९४ आणि सगळ्या देशात २००५ उजाडलं. आता यावरून थांबणं बरोबर होतं की चूक, हे तुम्ही दोन्ही बाजूंनी भांडू शकता. माझं मत सांगतो: १९४९ ते १९५६ या सात वर्षांत जे बाप वारले, त्यांच्या मुलींना ‘कायदा येणारच होता’ हे सांगून काही उपयोग नव्हता.

अशाच एका तालमीला मी अध्यक्षांच्या खुर्चीत होतो. समर्थनाचं भाषण एका एफवायच्या मुलीकडे होतं. ७०० रुपयांच्या वाक्यापर्यंत झकास आली आणि थांबली. विसरली असं वाटून मी पुढचा शब्द सुचवला, तर म्हणाली, ‘सर, पाठ आहे. पण परवाच आत्या येऊन हक्कसोडपत्रावर सही करून गेली. रजिस्ट्रारच्या ऑफिसातून आल्यावर आम्ही सगळ्यांनी मिसळ खाल्ली. मी पप्पांना काहीच विचारलं नाही.’

वर्गात कुणी हसलं नाही. अंबडच्या आसपास हे दर दुसऱ्या घरात झालेलं असतं. गावची उरलीसुरली जमीन, जुनं घर, सिडकोतला प्लॉट. बहिणींना बोलवायचं, साडी घ्यायची, दुय्यम निबंधकांकडे सही. आणि आत्या बहुतेक वेळा खुशीनेच सही करते, हेही खरं. माहेर तुटू नये म्हणून करते, की द्यायचंच होतं म्हणून करते, हे तिला कुणी विचारलेलं नसतं.

विरोधी बाकावरच्या मुलाने मग एक प्रश्न केला. स्पर्धेच्या दृष्टीने तो त्याच्या बाजूचा मुद्दा होता, पण त्याने तो अगदी साध्या आवाजात विचारला: ‘अध्यक्ष महोदय, कायद्याने दिलेलं ती स्वतःच सोडणार असेल, तर कायदा कशाला?’

मुलीने थोडा वेळ घेतला. मग खुर्चीकडे बघत म्हणाली, ‘महोदय, सोडायला आधी तिचं असावं लागतं. १९४९ मध्ये तिला सहीलासुद्धा कुणी बोलवत नव्हतं.’

हे वाक्य तिच्या कागदावर नव्हतं. मी घंटा वाजवायची विसरलो, वेळ पाच मिनिटं चाळीस सेकंद झाली, आणि नियमाप्रमाणे तिचे दोन गुण कापावे लागले.